देव बदलले, मीठ राहिलं

चँडलर, शुक्रवार

अमेरिकेला जाऊन आलेली माणसं सहसा धबधबा दाखवतात, मोठ्या पुतळ्यासमोर हात वर करून काढलेले फोटो दाखवतात. मी बेदाण्याचा मळा पाहून आलो. मी तासगावचा. बेदाणा बघायला विमानात वीस तास गुडघे मुडपून बसणारा तासगावचा पहिला माणूस मीच असेन, आणि हा मान कोणी हिरावून घेईल असं मला वाटत नाही.

झालं असं. मुलगा मंदार ॲरिझोनातल्या चँडलरला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथे ऑगस्टमध्ये पंचेचाळीस अंश तापमान असतं आणि लोक त्याचं कौतुक करतात, कारण ती ‘ड्राय हीट’ असते. ओव्हनमधल्या पापडालाही तसंच वाटत असावं. घर, गाडी, ऑफिस आणि दुकान सोडून बाहेरच्या हवेत मी पहिल्या आठवड्यात एकूण अकरा मिनिटं होतो.

मी मात्र फिरायला गेलो नव्हतो. माझी बायको विमल मागच्या श्रावणात गेली. मंदारला येता आलं नाही. नोकरी बदलल्यामुळे व्हिसाचे कागद अडकलेले होते आणि देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री कोणी देईना. अग्नी मी दिला. मंदारने सगळं माझ्या पुतण्याने धरलेल्या फोनवरून पाहिलं. त्यावर मी वर्षभर त्याला एक शब्द बोललो नाही, म्हणजे त्या विषयावर. बाकीच्या विषयांवर भरपूर बोललो आणि प्रत्येक वाक्यात तो विषय घातला. वर्षश्राद्ध तरी त्याने स्वतःच्या हाताने, शास्त्राप्रमाणे करावं एवढ्याचसाठी मी गेलो होतो. सामानात दर्भ होते, काळे तीळ होते आणि भिंतीवरचं कॅलेंडर होतं. दर्भ आणि तीळ विमानतळावरच्या अधिकाऱ्याने काढून घेतले. कॅलेंडर मात्र निरुपद्रवी समजून परत दिलं. त्याची चूक झाली.

श्रावण वद्य दशमी सोमवारी, असं कॅलेंडरात स्पष्ट छापलेलं होतं. मंदार म्हणत होता, इथल्या गुरुजींना एकदा विचारू या, इथे तिथी वेगळी येते. मी विचारलं, चंद्र वेगळा आहे का इथे? गुरुजी सोमवारसाठी ठरले.

मध्ये शनिवार-रविवार मोकळा होता. मंदारबरोबर काम करणारा आरा नावाचा एक आर्मेनियन मुलगा आहे. त्याच्या आईवडिलांचा कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ बेदाण्याचा मळा. त्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये नव्या द्राक्षांना आशीर्वाद देण्याचा सण असतो. मंदारने महिनाभर आधी शब्द दिला होता. मला म्हणाला, “बाबा, तुम्ही चला ना. द्राक्षं बघा, रविवारी लंचनंतर निघू, सोमवारी दुपारी सगळं नीट करू.” मी तयार झालो, कारण दुसरा पर्याय त्या फ्लॅटमधल्या एसीखाली एकट्याने बसण्याचा होता.

फ्रेस्नोच्या वाटेवर, शनिवार

दहा तासांच्या वाटेत सांगण्यासारखं फार नाही. वाळवंट, मग पवनचक्क्या, मग डोंगर, मग एकदम सपाट खोरं. बेकर्सफील्डच्या आसपास जमिनीतून तेल उपसणारे पंप बैलासारखी मान हलवत उभे असतात आणि त्यांच्या शेजारी बदामाच्या बागा. आमच्याकडे अर्धा गुंठा बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे तास तास गाडी चालली तरी बांध दिसेना. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यातली बरीचशी देवस्थान इनाम जमिनींच्या कागदांत. एवढी जमीन आणि एकही भांडणारा माणूस नाही, हे पाहून जीव उदास झाला.

पेट्रोल भरायला थांबलो असताना गुरुजींचा फोन आला. हे गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात आणि शनिवार-रविवारी पौरोहित्य, त्यामुळे चूक शोधण्याची सवय असावी. त्यांनी इथलं पंचांग उघडून पाहिलं होतं. भारतात सोमवारी दुपारी दशमी असली तरी त्या वेळी इथे रविवारची रात्र असते. इथली सोमवारची दुपार होईपर्यंत दशमी संपलेली असते. श्राद्धाला दुपारची, अपराह्णाची तिथी धरतात आणि इथल्या दुपारी दशमी रविवारी आहे. म्हणजे उद्या. आणि उद्या गुरुजींची दुसरीकडे वास्तुशांत होती.

चंद्र तोच होता. दुपार वेगळी होती. चाळीस वर्षं तारखांच्या शिक्क्यांवर पोट भरलेल्या माणसाला हे सुचू नये, ही गोष्ट मी आत्ता लिहितोय तितक्या शांतपणे त्या पेट्रोल पंपावर घेतली नाही. मी गुरुजींवर चिडलो, अमेरिकेवर चिडलो, मग नेहमीप्रमाणे मंदारवर आलो. गुरुजी बिचारे म्हणत होते, उद्या दीड वाजता अर्धा तास काढतो, फोनवर सांगतो, जिथे असाल तिथे करा. मी ओरडलो, की फोनवरचं श्राद्ध मला चालणार नाही. आपला धर्म म्हणजे काय ऑनलाइन ऑर्डर आहे?

मंदारने गाडी सुरू केली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, “बाबा, मी मागच्या वेळेलाही फोनवरच होतो.”

त्यानंतर फ्रेस्नोपर्यंत आम्ही रेडिओवर इंग्रजी गाणी ऐकली. मला एकही कळलं नाही.

वार्तानरावांचं घर

आराचे वडील वार्तान. मी त्यांना मनात पहिल्यापासून वार्तानराव म्हणत होतो, थोड्या वेळाने तोंडावरही म्हणू लागलो. त्यांनी अर्थ विचारला नाही. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत, चाळीस एकर द्राक्षं सांभाळतात. पत्नी अनुश. दोघंही माझ्याच वयाची. आराला शनिवारची शिफ्ट लागल्यामुळे तो चँडलरलाच राहिला होता. स्वतःच्या घरी स्वतः न जाता पाहुणे पाठवण्याची ही पद्धत मला आवडली.

संध्याकाळी मळा पाहिला. आपण द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतो. ही माणसं घड कापून दोन ओळींच्या मध्ये जमिनीवर कागद अंथरतात आणि त्यावर उन्हात टाकून घरी जातात. पाऊस आला तर, असं मी विचारलं. वार्तानराव म्हणाले, ऑगस्टमध्ये येत नाही. हे ते ज्या खात्रीने म्हणाले ती ऐकून आमच्याकडचा एखादा बागायतदार जागेवर रडला असता. कापणीला अजून आठवडा होता. मळ्याच्या कोपऱ्यात गॅसची एक तोफ होती. दर काही मिनिटांनी ती धडाम आवाज करी आणि कावळे, साळुंक्यांसारखी पाखरं उडून जात. मी पहिल्या धडाक्याला खाली बसलो. अनुशबाईंनी हसू दाबलं, वार्तानरावांनी दाबलं नाही.

जेवायला द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, पातळ मोठ्या रोट्या आणि ‘तान’ नावाचं पेय. तान म्हणजे मीठ घातलेलं ताक. ते त्यांनी मला समजावून सांगितलं, मी समजल्यासारखं केलं. टेबलावर द्राक्षांनी भरलेलं भांडं होतं, पण अनुशबाई एकही तोंडात टाकेनात. उद्या चर्चमध्ये आशीर्वाद होईपर्यंत यंदाची द्राक्षं खायची नाहीत, असा त्यांचा नेम. मी घास तिथेच थांबवला. विमलचाही हाच नेम होता. पहिला घड गणपतीपुढे ठेवल्याशिवाय तिने कधी मणी चाखला नाही आणि मी चोरून खाल्ला की तिला वासावरून कळायचं.

मग वार्तानरावांनी अभिमानाने सांगितलं, की आर्मेनिया हे जगातलं ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारणारं पहिलं राज्य. रोमच्याही आधी. मी विचारलं, साल कुठलं? ते म्हणाले, परंपरा सांगते ३०१, बरेच इतिहासकार म्हणतात ३१४ च्या सुमारास. मी म्हटलं, तारीखच पक्की नाही आणि पहिले कसे? ज्या माणसाची स्वतःची तिथी दुपारी चुकली होती त्याने हे विचारलं, याची नोंद वाचकांनी घ्यावी.

ते चिडले नाहीत. मास्तर माणूस, विचारणारा मिळाल्याचा आनंदच जास्त. आधी त्यांनी कथा सांगितली. आर्मेनियाचा राजा खोसरोव्ह याला इराणच्या बादशहाच्या सांगण्यावरून अनाक नावाच्या सरदाराने दग्याने मारलं. लोकांनी अनाकचं घराणं कापून काढलं, एक मूल वाचलं. ते रोमच्या मुलखात, केसरियाला ख्रिस्ती माणसांत वाढलं. त्याचं नाव ग्रिगोर. मेलेल्या राजाचा मुलगा त्रदात, तोही रोमच्याच आश्रयाला वाढला आणि रोमच्याच मदतीने गादीवर बसला. ग्रिगोर त्याच्या चाकरीत आला. राजाने त्याला देवी अनाहितच्या मूर्तीला हार घालायला सांगितलं, त्याने नकार दिला. छळ झाला. तो बापाच्या खुन्याचा मुलगा आहे हे कळल्यावर राजाने त्याला सापविंचवांच्या खोल विहिरीत टाकलं आणि विसरून गेला. तेरा वर्षं एक विधवा बाई रोज वरून एक भाकर टाकत राहिली. पुढे रोमहून पळून आलेल्या ख्रिस्ती जोगिणींतली ह्रिप्सिमे राजाच्या मनात भरली. ती वश होईना, तेव्हा त्याने तिला आणि तिच्या सोबतिणींना मारलं. मग त्याला वेड लागलं आणि तो रानडुकरासारखा फिरू लागला. बहिणीला स्वप्न पडलं, की विहिरीतला माणूसच बरं करील. ग्रिगोर जिवंत निघाला, राजा बरा झाला, राज्य ख्रिस्ती झालं.

मी म्हटलं, वार्तानराव, गोष्ट छान आहे. पण मी नोकरीत डोकं फिरलेले पाच-सहा साहेब पाहिले. त्यांतले काही बरेही झाले, मात्र त्यापायी कोणी जिल्ह्याचा देव बदलला नाही. खरं कारण सांगा.

ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, हे लिहून ठेवलं गेलं तेच शंभराहून अधिक वर्षांनी. मग त्यांनी टेबलावरच राज्य मांडलं. डावीकडे मिठाची वाटी, हे रोम. उजवीकडे तानाचा जग, हा इराण. मधे द्राक्षाच्या पानाची एक गुंडाळी, हा आर्मेनिया. दोघांनाही ती हवी. इराणात आधी पार्थियन घराणं होतं आणि आर्मेनियाचे राजे त्याच घराण्याची शाखा. मग सासानी घराण्याने त्या पार्थियनांना उलथवलं, तेव्हापासून आर्मेनियाचा राजा त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला, कारण तो जुन्या गादीचा जिवंत वारस. त्यात सासान्यांनी आपला अग्निपूजेचा धर्म राज्याला घट्ट बांधला. आर्मेनियातले देवही नावांनी निम्मे इराणीच. अनाहित, अरामज्द, वाहाग्न. म्हणजे उद्या बादशहा म्हणणार, देव तर आमचेच आहेत, फक्त पूजा नीट करा, अग्नी पेटवा आणि आमचे पुजारी ठेवून घ्या.

मी म्हटलं, म्हणजे वहिवाटीचा पुरावा समोरच्याकडे. ते म्हणाले, तसंच. रोमचे देव घ्यावेत तर माणूस रोमचा नोकर. मग असा देव घ्या, जो दोघांच्याही दप्तरात नाही, पण लोकांत आधीच पोचलाय. दक्षिणेकडून सिरियन प्रचारक केव्हाचे येत होते, पश्चिमेकडून केसरियाचे ग्रीक. ३०१ खरं धरलं, तर राजाने हे रोमचा सम्राट ख्रिस्त्यांवर उठण्याच्या आधी केलं, म्हणजे छाती मोठी. ३१४ धरलं, तर रोमने ख्रिस्त्यांना मोकळीक दिल्यावर लगेच, म्हणजे डोकं मोठं. कुठलंही साल धरलं तरी रोमच्या स्वतःच्या राजधर्माच्या निदान साठ-सत्तर वर्षं आधी.

“आणि देवळांच्या जमिनी?” मी विचारलं.

वार्तानराव माझ्याकडे नव्याने बघू लागले. म्हणाले, चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हे विचारलं नाही.

उत्तर मी अर्धं ओळखलंच होतं. राजा आणि ग्रिगोर सैन्य घेऊन देवळोदेवळी फिरले. काही ठिकाणी पुजाऱ्यांनी हत्यारं उचलली, मारामाऱ्या झाल्या. मूर्ती फोडल्या, खजिने काढले आणि देवळांच्या जमिनी, गावं, कुळं सगळी चर्चच्या नावावर केली. ग्रिगोरला सरदारांच्या लवाजम्यासह केसरियाला पाठवून बिशपची दीक्षा देववली आणि पुढे बराच काळ धर्मगुरुपद त्याच्याच घराण्यात वंशपरंपरेने चाललं. म्हणजे फेरफार मंजूर. देवाच्या रकान्यात नाव बदललं, वहिवाटदार बदलला, सर्व्हे नंबर तेच. राजाला सरदारांच्या हाताबाहेरची, गावोगाव पसरलेली आणि आपल्या बाजूची एक व्यवस्था आयती मिळाली. अक्षरं मात्र नव्हती. धर्मग्रंथ ग्रीक आणि सिरियाकमध्ये वाचायचे आणि लोकांनी न कळता मान डोलवायची. स्वतःची लिपी आणखी शंभर वर्षांनी आली. न कळता मान डोलवण्याचा अनुभव मलाही आहे, गुरुजींसमोरही आणि साहेबांसमोरही.

मी समाधानाने म्हटलं, सगळी जुनी पद्धत मोडून टाकली म्हणा की. ते म्हणाले, ते उद्या बघा.

मंदार हे सगळं ऐकत होता. त्याने रात्री गुरुजींना मेसेज केला, हे मला नंतर कळलं.

रविवार, चर्चमध्ये

पूजा अडीच तास चालली, जुन्या आर्मेनियन भाषेत. वार्तानरावांच्या मते ती अर्ध्या लोकांना आजही कळत नाही. मधे एकदा वेदीपुढचा मोठा पडदा ओढून घेतला आणि आत काय चाललंय ते कोणाला दिसेना. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा ओढतात, तसाच. शेवटी द्राक्षांनी भरलेली ताटं समोर आणली, पाद्रीबुवांनी क्रूस फिरवून मंत्र म्हटले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक घड दिला. अनुशबाईंनी डोळे मिटून पहिला मणी खाल्ला. मी माझा घड खिशातल्या रुमालात बांधला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाहेर अंगणात जेवण. अनुशबाईंनी माझ्यासाठी शाकाहारी टेबल दाखवलं होतं. पण मोठ्या पातेल्यापाशी रांग होती, गव्हाचा आणि लोण्याचा वास येत होता आणि वाढणारी बाई प्रत्येकाला म्हणत होती, हा आशीर्वादाचा आहे, घ्या. प्रसाद. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, हे मला चौथ्या वर्षी शिकवलंय. मी द्रोण पुढे केला. गव्हाची मऊ लापशी, वर लोणी आणि जिरं. फार सुरेख. मी दुसऱ्यांदा घेतली. वाढणाऱ्या बाईंना खुणेने सांगितलं, की थोडा गूळ हवा होता.

मंदार लांबून धावत आला तेव्हा द्रोण चाटून झाला होता. त्याने स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मला वाटलं, डाएट.

“बाबा, ते हरिसा आहे. त्यात लॅम्ब असतं.”

गहू आणि कोकराचं मांस रात्रभर शिजवून, घोटून एकजीव करतात. वेगळं काही दिसत नाही. श्रावणातली दशमी, बायकोचं वर्षश्राद्ध, आणि मी कोकराला गूळ सुचवत होतो. मी एका झाडाखालच्या खुर्चीवर जाऊन बसलो. जुन्या स्मृतींमध्ये श्राद्धाला मांस सांगितलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. घरात मी ते कधी उच्चारलं नव्हतं आणि त्या क्षणी त्याचा आधार घ्यायची लाज वाटली. फोनवरचं श्राद्ध ज्याला चालत नव्हतं तो माणूस हा. मला रडू आलं. ते मटणासाठी नव्हतं.

वार्तानराव शेजारी खुर्ची घेऊन बसले. मंदारने त्यांना तिथीचं सगळं सांगितलं होतं. मग म्हणाले, याला ‘मताघ’ म्हणतात. कोणाच्या तरी आठवणीसाठी किंवा नवसाचा. पाद्री आधी मिठाला आशीर्वाद देतो, मग त्या मिठात मांस शिजतं, आणि ते त्याच दिवशी सगळ्यांना, गरिबांना आधी, वाटून संपवायचं. उद्यासाठी ठेवायचं नाही. हे ख्रिस्ती वाटतं का तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. हा आमच्याकडच्या जत्रेतला प्रकार वाटतो.

जत्रेतलाच आहे, ते म्हणाले. परंपरा अशी सांगते, की देवळं मोडल्यावर जुने पुजारी ग्रिगोरकडे आले. आम्ही बळीच्या वाट्यावर जगत होतो, आता खायचं काय? ग्रिगोरने बळी बंद केला नाही. मूर्तीपुढे कापू नका म्हणाला, मिठाला आशीर्वाद द्या आणि भुकेल्याला वाटा, तुमचा वाटा तुम्हाला मिळेल. पुजाऱ्यांची मुलं गोळा करून त्याने शाळेत घातली. त्यांतले पुढे काही बिशप झाले. द्राक्षांचंही तसंच, नव्या पिकाचा सण त्याच्या कितीतरी आधीचा. राजाच्या हुकमाने धर्म एका दिवसात बदलला, पण टिकला तो या मिठामुळे. लोकांना आपल्या हातांनी काय करायचं ते आधीपासून माहीत होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, “तुमच्या मुलाच्या हातांना माहीत आहे का?”

मी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते.

रविवार, दीड वाजता

अनुशबाईंनी भात शिजवला. तीळ त्यांच्याकडे डबाभर होते, पांढरे. गुरुजी फोनवर म्हणाले, चालतील. दर्भ नव्हते. बांधावरचं हिरवं गवत घ्या, तेही चालेल. तांब्याचं भांडं जॅम करायचं निघालं. प्रत्येक वेळी ‘चालेल’ ऐकलं की मी जागच्या जागी चुळबुळ करत होतो, पण मला बोलायचा अधिकार कुठे होता? मी कोकरू खाऊन आलेलो. मी दहा पावलं लांब तारेच्या कुंपणापाशी उभा राहिलो. उपाशी होता तो मंदार. त्याने आदल्या रात्रीच ठरवलं होतं आणि माझी परवानगी मागितली नव्हती.

द्राक्षांच्या ओळीत दक्षिणेकडे तोंड करून तो बसला. फोन वेलीच्या तारेला अडकवला. पाणी सोडताना गुरुजींनी आईचं नाव विचारलं. “विमल,” तो म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले. वास्तुशांत सोडून आलेले गुरुजी पलीकडे थांबले. मग आजीचं नाव. ते त्याला माहीत होतं. मग पणजीचं, म्हणजे माझ्या आजीचं.

मंदारने माझ्याकडे पाहिलं.

तालुक्यातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा कब्जेदार, त्याचा बाप, त्याचा आजा मला तोंडपाठ. आमच्या आजोबांच्या आजोबांचं नाव मी झोपेत सांगेन. पण आजीला सगळे आजी म्हणायचे, आजोबा ‘अगं’ म्हणायचे आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती. बायकांची नावं लागायची पद्धतच नव्हती, आणि ती पद्धत मीही चाळीस वर्षं नीट सांभाळली होती. मी मान हलवली. त्या विहिरीत तेरा वर्षं भाकर टाकणाऱ्या बाईचं नाव मी काल विचारायचं विसरलो, हे तेव्हा लक्षात आलं. नंतर विचारलं. वार्तानरावांनाही माहीत नव्हतं.

गुरुजी म्हणाले, नाव माहीत नसलं तरी शास्त्रात सोय आहे. तिसरा पिंड ठेवला गेला.

शेवटी कावळ्याचं पान मांडलं. भात, तान, आणि रुमालातला तो घड मी लांबूनच मंदारकडे दिला. आणि त्याच वेळी कोपऱ्यातली तोफ धडाडली. सगळी पाखरं उडाली. मला हसावं की ओरडावं कळेना. ज्या मळ्यात कावळे हाकलायला यंत्र लावलंय तिथे आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. मागच्या वर्षी दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. दोन तास नातेवाईक एकमेकांकडे बघत उभे होते, तिची इच्छा काय राहिली होती ते सगळ्यांना माहीत होतं आणि ते बोलायचं मी सोडून कोणाच्या हातात नव्हतं. मी बोललो नाही. दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आलो.

वार्तानराव ओळींमधून चालत गेले आणि त्यांनी तोफेचा गॅस बंद केला. कापणीला आठवडा राहिलेला असताना. मी बागायतदारांच्या गावचा आहे, मला त्याचा अर्थ कळतो.

एकदम शांत झालं. मी कुंपणापासून पुढे आलो. मटण खाल्लेल्या तोंडाने जेवढं शुद्ध बोलता येईल तेवढं बोललो.

“विमल, मंदारवर माझा राग नाही. त्याला येता आलं नाही. मी उगाच वर्षभर त्याला बोललो.”

मंदार पाठमोरा होता. त्याने वळून पाहिलं नाही, पण त्याचे खांदे खाली आले.

काही वेळाने दोन कावळे आले. त्यांच्यापुढे चाळीस एकर पिकलेली द्राक्षं लटकत होती, तोफ बंद होती आणि हाकलणारं कोणी नव्हतं. एक जण तारेवर बसला, इकडे तिकडे पाहिलं, खाली उतरला आणि भाताकडे ढुंकूनही न बघता त्याने पानावरचा तो चर्चमधला घड उचलला. आशीर्वाद दिलेला, नैवेद्य झालेला.

“आईच,” मंदार म्हणाला, आणि मग रडला.

त्या दिवशी आम्ही निघालो नाही. सोमवारी सकाळी निघताना अनुशबाईंनी मिठाची एक पुडी दिली, आशीर्वादाची. तासगावला माझ्या स्वयंपाकघरात ती मिठाच्या बरणीत मिसळून गेली आहे. बरणीशेजारी भिंतीवर नवं कॅलेंडर आहे आणि श्रावणाच्या पानावर मी मंदारसाठी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, की तिथली दुपार विचारावी.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तोफेचा आवाज आला नव्हता.